१५-एच दिला, तरी पेन्शनमधून कर का कापला जातो?

मुदत ठेवीसाठी दिलेला फॉर्म पेन्शनला लागू होत नाही. पेन्शनसाठी वेगळे सांगावे लागते, आणि ते विचारण्याची जबाबदारी कापणाऱ्याचीही आहे.

नागपुरात बर्डीवर, व्हरायटी चौकापासून झिरो माईलपर्यंतच्या पट्ट्यात, बँकांच्या शाखा एकमेकींना लागून आहेत. केंद्र सरकारची कार्यालये, रेल्वे, टपाल खाते, महाविद्यालये अशा ठिकाणांहून निवृत्त झालेल्या अनेकांची खाती या शाखांमध्ये आहेत. दर एप्रिलमध्ये यातले बरेच जण शाखेत जाऊन १५-एच भरून देतात आणि यंदाचे टीडीएसचे काम झाले असे समजतात. पुढे पेन्शन जमा झाल्याचा संदेश येतो, तर त्यात चार-पाच हजार रुपये कमी. शाखेत विचारले की उत्तर मिळते, "काका, कपात आम्ही करत नाही, वरून होते."

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कपात का झाली, ती थांबवण्यासाठी कोणता कागद कोणाला द्यायचा होता आणि आता काय करता येईल, हे त्यातून कळत नाही. पेन्शनवरील जादा कपातीचे मूळ बहुतेक वेळा याच गैरसमजात असते. १५-एच हा पेन्शनचा कागद नव्हेच.

पेन्शन म्हणजे कायद्याच्या भाषेत पगार

आयकर कायद्यात निवृत्तिवेतन 'पगार' या शीर्षाखाली येते. नोकरी संपली तरी उत्पन्नाची जात बदलत नाही. त्यामुळे त्यावरील कपात कलम १९२ नुसार होते आणि हे कलम इतर टीडीएसपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालते. मुदत ठेवीच्या व्याजावर ठरलेल्या दराने, म्हणजे १० टक्के, कपात होते. पेन्शनसाठी असा ठरलेला दर नाही. पेन्शन देणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला वर्षभराच्या पेन्शनचा अंदाज घ्यायचा, त्यातून वजावटी काढायच्या, वर्षाचा कर किती होईल ते ठरवायचे आणि तो महिन्यांत वाटून कापायचा.

१५-एच हे घोषणापत्र व्याज, लाभांश यांसारख्या उत्पन्नासाठी आहे. कलम १९२ त्याच्या कक्षेत येत नाही. पेन्शनधारकाने तो फॉर्म अगदी बिनचूक भरला, तरी पेन्शनचा हिशेब करणाऱ्या केंद्राला त्याचा काही उपयोग नसतो. तो जातो ठेवींच्या खात्याकडे आणि थांबवतो फक्त व्याजावरची कपात.

वयाचाही एक मुद्दा आहे. १५-एच हा ६० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांना पहिली दोन वर्षे पेन्शन मिळते, पण ते ज्येष्ठ नागरिक नसतात. व्याजासाठी त्यांना १५-जी द्यावा लागतो आणि त्याच्या अटी अधिक कडक आहेत. एका बँकेतील वर्षाच्या व्याजावर टीडीएस सुरू होण्याची मर्यादाही वेगळी आहे. २०२५-२६ या वर्षात ती ज्येष्ठांसाठी १ लाख रुपये, तर इतरांसाठी ५० हजार रुपये आहे.

हिशेब करतो कोण?

केंद्र सरकारच्या नागरी सेवेतील आणि रेल्वेतील पेन्शनधारकांची पेन्शन सहसा बँकेमार्फत मिळते. पण तिचा हिशेब शाखेत होत नाही. प्रत्येक मोठ्या बँकेने त्यासाठी केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्र उभारले आहे. बँक ऑफ इंडियाचे असे केंद्र नागपुरातच आहे, काही बँकांचे दुसऱ्या शहरांत आहे. शाखेतील कर्मचारी 'वरून होते' म्हणतो तेव्हा त्याला हेच केंद्र म्हणायचे असते.

राज्य शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा हिशेब जिल्हा कोषागार करते आणि बँकेत फक्त रक्कम जमा होते. त्यांनी शाखेत कितीही कागद दिले, तरी कपात कोषागाराच्याच नोंदीवर होणार. संरक्षण खात्याच्या पेन्शनधारकांसाठी 'स्पर्श' ही ऑनलाइन प्रणाली आहे. कर कोणत्या पद्धतीने मोजायचा, ते तिथे आपल्या खात्यातून नोंदवता येते.

म्हणून पहिला प्रश्न 'कपात किती' हा नसून 'कापतो कोण' हा आहे. त्याचे उत्तर फॉर्म १६ वर मिळते. त्यावर कपात करणाऱ्याचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. घोषणापत्र पोचले पाहिजे ते तिथे.

एकाच माणसाचे दोन कागद

हिशेब कुठे बिघडतो, ते एका उदाहरणावरून पाहू. केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, ६८ वर्षांचे एक गृहस्थ. महागाई वाढीसह महिन्याची पेन्शन ६२,००० रुपये, म्हणजे वर्षाची ७,४४,०००. त्याच बँकेत मुदत ठेवी आहेत, त्यांचे वर्षाचे व्याज १,१०,००० रुपये. पाच वर्षांच्या करबचत ठेवीत त्यांनी १,००,००० रुपये ठेवले आहेत आणि आरोग्य विम्याचा हप्ता ३०,००० रुपये आहे.

एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. व्याजासाठी १५-एच दिला. आणि बँकेने पेन्शनसाठी जुनी की नवी कर पद्धत असे विचारले, तेव्हा गुंतवणूक आहे म्हणून 'जुनी' असे कळवले. गुंतवणुकीचे पुरावे नंतर देऊ म्हणून राहिले.

पेन्शन केंद्राने जुन्या पद्धतीने हिशेब मांडला. ७,४४,००० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ६,९४,०००. ज्येष्ठ नागरिकाला पहिल्या ३ लाखांवर कर नाही. पुढच्या २ लाखांवर ५ टक्क्यांनी १०,००० आणि उरलेल्या १,९४,००० वर २० टक्क्यांनी ३८,८००. एकूण ४८,८०० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ५०,७५२ रुपये. दरमहा सुमारे ४,२२९ रुपये कापले जाऊ लागले.

आता तेच उत्पन्न नव्या पद्धतीत मांडून पाहू. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पेन्शनधारकाला ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे. ७,४४,००० मधून ती गेली की राहतात ६,६९,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या २,६९,००० वर ५ टक्क्यांनी १३,४५० रुपये होतात. पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६०,००० रुपयांपर्यंतच्या करावर पूर्ण सवलत आहे. म्हणजे कर शून्य. व्याजाचे १,१०,००० मिळवले तरी उत्पन्न ७,७९,००० होते आणि कर शून्यच राहतो.

फरक वर्षाला ५०,७५२ रुपयांचा, आणि तो केवळ एका शब्दामुळे. जुन्या पद्धतीत सगळे पुरावे वेळेत दिले असते, तरी वजावट १,३०,००० रुपयांचीच मिळाली असती. करपात्र उत्पन्न ५,६४,००० आणि उपकरासह कर २३,७१२ रुपये. नव्या पद्धतीतील शून्यापेक्षा तेही जास्तच.

यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. अंदाजित उत्पन्नावर कर शून्य येत असेल, तरच १५-एच देता येतो. या गृहस्थांचा कर नव्या पद्धतीत शून्य येतो, जुन्या पद्धतीत येत नाही. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच बँकेला त्यांनी दिलेले दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणतो कर शून्य, दुसरा म्हणतो जुनी पद्धत. बँकेचा ठेव विभाग आणि पेन्शन केंद्र हे कागद एकमेकांशी ताडून पाहत नाहीत, म्हणून ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही. पेन्शनधारकाने मात्र दोन्ही कागद एकाच हिशेबावरून भरायला हवेत.

पेन्शनचे घोषणापत्र म्हणजे काय?

पेन्शनसाठी १५-एचसारखा 'कर कापू नका' असा फॉर्म नाही. जे द्यायचे ते दोन भागांत असते.

पहिला भाग कर पद्धतीची निवड. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ रोजी परिपत्रक काढून पगारावर कर कापणाऱ्यांना स्पष्ट सांगितले आहे की, दरवर्षी प्रत्येकाकडून त्याला कोणती पद्धत हवी आहे ते विचारून घ्या. उत्तर आले नाही, तर नवी पद्धत धरून कपात करा. आता नवी पद्धत हीच मूळ पद्धत आहे. जुनी हवी असेल त्याने सांगायचे.

दुसरा भाग फक्त जुनी पद्धत निवडणाऱ्यांसाठी, तो म्हणजे वजावटींचा तपशील. विमा, भविष्य निर्वाह निधी, करबचत ठेव, आरोग्य विमा यांची माहिती पुराव्यांसह फॉर्म १२-बीबी मध्ये द्यायची. नवी पद्धत घेतली असेल, तर या वजावटी मिळतच नाहीत. त्यामुळे पावत्यांच्या झेरॉक्स काढून रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

बँकेने छापील नमुना दिला नाही, तर साधा अर्जही चालतो. त्यात नाव, पीपीओ क्रमांक, पॅन, पेन्शन खात्याचा क्रमांक, आर्थिक वर्ष आणि निवडलेली पद्धत एवढे असावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. शाखेने तो पेन्शन केंद्राकडे पाठवायचा असतो. पोचपावती नसेल, तर पुढे 'कागद मिळालाच नाही' या उत्तरावर काही बोलता येत नाही.

बँकेकडे वजावटी मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. पेन्शनधारकाने तपशील दिला, तर त्या वजावटी धराव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने स्टेट बँक आणि इतर राष्ट्रीयीकृत बँकांना २७ एप्रिल १९९२ रोजीच दिली होती. पेन्शनधारकालाही फॉर्म १६ दिलाच पाहिजे, असे प्रत्यक्ष कर मंडळाने १३ जानेवारी १९९८ च्या परिपत्रकात सांगितले आहे. 'पेन्शनवाल्यांना फॉर्म १६ नसतो' हे काउंटरवर कधी कधी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे टिकत नाही.

उशीर झाला तर काय सुटते, काय अडकते?

कलम १९२ मध्ये एक सोय आहे. वर्षाच्या आधीच्या महिन्यांत जास्त किंवा कमी कपात झाली असेल, तर त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत ती जुळवून घेता येते. ही सोय मार्चच्या पेन्शनबरोबर संपते.

वरच्या उदाहरणातील गृहस्थांनी डिसेंबरमध्ये १,३०,००० रुपयांचे पुरावे दिले असे समजा. नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत ३३,८३२ रुपये कापून झाले आहेत. नव्या हिशेबाने वर्षाचा कर २३,७१२ च आहे. म्हणजे देण्यापेक्षा जास्त आधीच कापले गेले आहे, म्हणून डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत कपात थांबायला हवी. पण कापलेली रक्कम बँक परत देणार नाही, कारण ती पुढच्या महिन्यातच सरकारजमा झालेली असते.

निवड बदलून 'नवी' करा, असे वर्षाच्या मध्ये सांगता येईल का? बँकेने तसे बदलून द्यावेच, असे बंधन परिपत्रकात नाही. म्हणून एप्रिलमधली निवड विचार करून द्यायला हवी. मात्र बँकेला सांगितलेली पद्धत विवरणपत्रासाठी बंधनकारक नाही. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही, ते विवरणपत्र भरताना वेगळी पद्धत निवडू शकतात. जुनी घ्यायची असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. हे गृहस्थ नव्या पद्धतीने विवरणपत्र भरतील आणि त्यांना पूर्ण ३३,८३२ रुपयांचा परतावा मिळेल.

परतावा मिळतोच, मग एवढी चिंता कशाला, असे म्हणणारे असतात. त्यांनी तारखा पाहाव्यात. एप्रिल २०२५ मध्ये कापलेले पैसे २०२६ च्या उन्हाळ्यानंतर हातात येणार. विवरणपत्र मुदतीत भरले, तर परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते, पण ते १ एप्रिल २०२६ पासून. ज्या वर्षात पैसे कापले, त्या वर्षाचे व्याज नाही. औषधांचा खर्च दरमहा असतो आणि परतावा वर्षातून एकदा येतो.

कपात चुकली हे ओळखायचे कसे?

तीन ठिकाणी पाहायचे. पहिले म्हणजे पेन्शनची मासिक पावती. तिच्यात पेन्शन, महागाई वाढ, विक्रीत पेन्शनची कपात आणि आयकर वेगवेगळे दाखवलेले असतात. बँक संदेशातील निव्वळ रकमेवरून काहीच कळत नाही.

दुसरे म्हणजे आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून उघडणारे फॉर्म २६-एएस. त्यात प्रत्येक कपातीपुढे कलमाचा आकडा असतो. पेन्शनवरील कपातीपुढे `192` आणि ठेवीच्या व्याजावरील कपातीपुढे `194A` दिसते. दोन्ही कपाती एकाच बँकेच्या नावाने असल्या, तरी या आकड्यावरून कोणता कागद कमी पडला ते लगेच समजते. `194A` असेल, तर प्रश्न १५-एचचा. `192` असेल, तर पेन्शनच्या घोषणापत्राचा. कपात करणाऱ्याचे तिमाही विवरण भरले गेल्यावरच या नोंदी दिसतात, त्यामुळे गेल्या महिन्याची कपात लगेच दिसली नाही म्हणून घाबरू नये.

तिसरे म्हणजे फॉर्म १६. बँकेने किंवा कोषागाराने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्यात हिशेब कोणत्या पद्धतीने केला आणि कोणत्या वजावटी धरल्या, ते लिहिलेले असते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा नियम वेगळा

पेन्शनधारकाच्या निधनानंतर पती किंवा पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे 'पगार' नाही. ते 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली येते. त्यामुळे त्यावर कलम १९२ ची कपात लागू होत नाही. पगारावरील कपातीबद्दलच्या परिपत्रकातही पेन्शनधारकांचा उल्लेख करताना कुटुंब निवृत्तिवेतन वगळलेले आहे. निधनाची नोंद होऊन पेन्शन पत्नीच्या नावावर झाली, तरीही जुन्याच पद्धतीने कपात चालू दिसली, तर पेन्शन केंद्राला लेखी कळवावे.

कपात होत नाही याचा अर्थ कर नाही, असा मात्र नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत नाही. त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती वजा होते. जुन्या पद्धतीत ही मर्यादा १५,००० आहे. उरलेले उत्पन्न व्याजासह मोजून विवरणपत्रात दाखवायचे असते.

कपात थांबवू नये असेही काही असतात

सगळ्यांचीच कपात जादा नसते. एखाद्या निवृत्त प्राध्यापकाची पेन्शन वर्षाला १२ लाख आणि ठेवींचे व्याज २,४०,००० असेल, तर चित्र उलटे होते. पेन्शन केंद्राला फक्त पेन्शन दिसते. ७५,००० वजा होऊन ११,२५,००० राहतात, म्हणून ते काहीच कापत नाही. पण व्याज मिळवल्यावर करपात्र उत्पन्न १३,६५,००० होते, १२ लाखांची सवलत हातची जाते आणि उपकरासह ८८,१४० रुपये कर येतो. व्याजावर १० टक्क्यांनी २४,००० कापले गेले असतील, तरी विवरणपत्राच्या वेळी ६४,१४० एकदम भरावे लागतात.

अशा माणसाने १५-एच दिला, तर ते खोटे घोषणापत्र ठरते आणि त्याबद्दल कायद्यात खटल्याची तरतूद आहे. त्याने करायचे ते उलट आहे. व्याजाचे उत्पन्न पेन्शन देणाऱ्याला लेखी कळवावे, म्हणजे कर दरमहा थोडा थोडा कापला जाईल. कायद्यात ही सोय आहे, पण फार थोडे जण ती वापरतात.

मागील वर्षांची थकबाकी एकदम जमा झाली, की नेहमी १२ लाखांच्या आत असलेला पेन्शनधारकही एका वर्षापुरता मर्यादेबाहेर जातो. त्यासाठी कलम ८९ ची सवलत आहे. थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांत वाटून कर मोजायचा आणि फरकाची सूट घ्यायची. मात्र त्यासाठी फॉर्म १०-ई आयकर विभागाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि तो विवरणपत्राच्या आधी. तो न भरता विवरणपत्रात सवलत मागितली, तर ती नाकारली जाते.

वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. पेन्शन आणि व्याज याशिवाय दुसरे उत्पन्न नसेल आणि व्याजही पेन्शनच्याच बँकेतले असेल, तर सरकारने नेमलेल्या बँकेला फॉर्म १२-बीबीए देता येतो. मग बँकच दोन्ही उत्पन्नांचा हिशेब करून कर कापते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही. दुसऱ्या बँकेत एखादी ठेव असेल, तर ही सोय मिळत नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवावे की कर शून्य असला, तरी उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरावेच लागते.

विचारण्याची जबाबदारी कोणाची?

नियम असे आहेत. प्रश्न उरतो तो हा की, ते पाळण्याचे ओझे सत्तरीतल्या माणसावर किती टाकायचे.

बँकांचे म्हणणे असे की, त्या करसल्लागार नाहीत. कोणती पद्धत फायद्याची हे त्यांनी सांगू नये, आणि चुकीचा सल्ला दिला तर जबाबदारी कोणाची? हे म्हणणे रास्त आहे. पण सल्ला देणे वेगळे आणि धरलेला हिशेब दाखवणे वेगळे. पेन्शनच्या मासिक पावतीवर 'कर पद्धत: जुनी, वर्षाचा अंदाजित कर: ५०,७५२' अशी एक ओळ छापली, तर त्यात कोणताही सल्ला नाही. पण वरच्या उदाहरणातील गृहस्थांना ती ओळ मे महिन्यातच सावध करू शकली असती. हिशेब संगणकात आधीच झालेला असतो. तो फक्त दाखवायचा आहे.

दुसरी गोष्ट विचारण्याची. प्रत्यक्ष कर मंडळाने 'विचारून घ्या' म्हटले आहे. शाखेच्या भिंतीवर इंग्रजी सूचना लावणे किंवा संकेतस्थळावर दुवा टाकणे म्हणजे विचारणे नव्हे. यंत्रणेला प्रत्येक पेन्शनधारकापर्यंत पोचता येते, हे दर नोव्हेंबरमध्ये सिद्ध होते. हयातीच्या दाखल्यासाठी प्रत्येक जण शाखेत येतो, यादीत आपल्या नावापुढे सही करतो किंवा डिजिटल दाखला देतो. ती सही नसेल, तर पेन्शन थांबते. माणूस जिवंत आहे की नाही हे इतक्या काटेकोरपणे विचारणारी यंत्रणा त्याच वेळी आणखी दोन ओळी विचारू शकते: यंदाच्या वजावटींचा तपशील द्यायचा आहे का, आणि पुढच्या एप्रिलपासून कोणती पद्धत हवी? फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात दर बदलले, तर निवड बदलायला एप्रिलपर्यंत मुभा ठेवता येईल.

तिसरी गोष्ट पोचपावतीची. आज शाखेत दिलेला अर्ज पेन्शन केंद्रापर्यंत पोचला की नाही, हे पेन्शनधारकाला कळायला कपात हाच एक मार्ग उरतो. केंद्राने नोंद केल्यावर मोबाइलवर एक मराठी संदेश पाठवला, तर अर्धी भांडणे काउंटरवर येणारच नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नवा आयकर कायदा घेत आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, कागदांची नावेही बदलू शकतात. पेन्शन हा पगार आणि व्याज हे वेगळे उत्पन्न, हा भेद मात्र राहणार आहे. म्हणजे दोन उत्पन्नांसाठी दोन वेगळे कागद लागणे संपणार नाही. नव्या वर्षाचा पहिला हिशेब मांडण्यापूर्वी बँकांनी आणि कोषागारांनी प्रत्येक पेन्शनधारकाला त्याच्या भाषेत हा प्रश्न एकदा विचारावा. आणि पेन्शनधारकांनी १५-एचच्या प्रतीसोबत पेन्शनच्या घोषणापत्राची शिक्का मारलेली प्रतही त्याच फाइलमध्ये लावून ठेवावी.